दोन्ही बाटल्यांवर थायमस वल्गॅरिस, मग एकच तेल का झोंबलं?

प्रश्न: माझ्याकडे थाईमच्या तेलाच्या दोन बाटल्या आहेत. दोन्हींवर थायमस वल्गॅरिस लिहिलंय. पहिलीवर पुढे ‘सीटी लिनालूल’ आहे, दुसरीवर काही नाही. एकूण 30 ग्रॅम मिश्रणात 1 ग्रॅम तेल, या एकाच प्रमाणात दोन्ही वापरली. पहिल्याने काही झालं नाही. दुसऱ्याने दहा मिनिटांत हात लाल होऊन चरचरायला लागला. विक्रेत्यांकडून बॅचचे अहवाल मागवले. पहिल्यात लिनालूल 72 टक्के, थायमॉल 2, कार्व्हाक्रॉल 0.3. दुसऱ्यात थायमॉल 46, कार्व्हाक्रॉल 3, पॅरा-सायमीन 19, गॅमा-टर्पिनीन 8, लिनालूल 4. झाड एकच असेल तर तेल इतकं वेगळं कसं? दुसरं भेसळीचं आहे का?

उत्तर: दुसरं तेल भेसळीचं दिसत नाही. तुम्ही दिलेले आकडे थायमॉल प्रकाराच्या थाईम तेलाला अगदी साजेसे आहेत. औषधी द्रव्यांच्या दर्जाचे निकष देणाऱ्या युरोपियन फार्माकोपियात या प्रकारासाठी थायमॉल साधारण 37 ते 55 टक्के, पॅरा-सायमीन 14 ते 28 आणि गॅमा-टर्पिनीन 4 ते 12 अशा मर्यादा आहेत, आणि तुमची बाटली त्यांत नीट बसते. पहिलं तेलही खरंच दिसतं. दोन्ही खरी, दोन्ही एकाच वनस्पतीची, आणि तरी त्वचेच्या दृष्टीने दोन वेगळे पदार्थ. हे कसं होतं ते कळलं की पुढच्या वेळी बाटली उघडण्याआधीच प्रमाण ठरवता येईल.

आधी लॅटिन नावाचं काम काय ते पाहू. ‘थाईम ऑइल’ एवढंच लिहिलेलं असेल तर आत नेमकं कोणतं झाड आहे ते सांगता येत नाही. स्पेनमधून येणारं बरंच थाईम तेल थायमस झायगिस या दुसऱ्याच जातीचं असतं. थायमस मास्टिचिना ही नावाने थायमसच, पण बाजारात तिचं तेल ‘स्पॅनिश मार्जोरम’ म्हणून विकलं जातं आणि त्यात सर्वांत जास्त असतो 1,8-सिनिओल. हा निलगिरीच्या तेलातला मुख्य घटक, त्यामुळे हे तेल तान्ह्या आणि अगदी लहान मुलांच्या चेहऱ्याजवळ नेऊ नये. ‘स्पॅनिश ओरेगॅनो’ म्हणजे बहुतेकदा थिंब्रा कॅपिटाटा, जी कार्व्हाक्रॉलने भरलेली असते. आणि ‘स्पॅनिश थाईम’ हे नाव प्लेक्ट्रँथस अँबॉइनिकस या जाड पानांच्या झाडालाही लावतात, जे थायमस प्रजातीतलं नाही. बोलीतल्या नावावर विसंबून सुरक्षेचं गणित मांडताच येत नाही, ते एवढ्यासाठी. लॅटिन नाव हा गोंधळ मिटवतं. प्रजाती आणि जाती दोन्ही लिहिलेलं, शक्य असेल तर पुढे झाडाचा कोणता भाग वापरला तेही लिहिलेलं नाव मागा. नुसतं ‘थायमस’ पुरेसं नाही.

पण लॅटिन नावाचं काम तिथे संपतं. वनस्पतिशास्त्रज्ञ जात ठरवताना फूल, पान, खोड, बी पाहतात. पानावरच्या सूक्ष्म तैलग्रंथींत कोणतं द्रव्य साठलंय यावरून जात ठरत नाही. दिसायला तंतोतंत सारखी, एकमेकांशी मुक्तपणे संकर होणारी, एकाच उतारावर शेजारी उगवलेली दोन झुडपं रसायनाच्या बाबतीत साफ वेगळी असू शकतात. या रासायनिक प्रकाराला केमोटाइप म्हणतात आणि लेबलवर तो ‘सीटी’ अशा खुणेने लिहितात. ही खूण वनस्पतींच्या नामकरणाच्या नियमांचा भाग नाही. ती लिहायचं बंधन त्या नियमांनी कुणावर घातलेलं नाही आणि ती कधी लिहायची याची रासायनिक मर्यादाही त्या नियमांत नाही. म्हणून ती नसली म्हणजे तेल ‘साधं’ आहे असं समजू नका. थाईमच्या बाबतीत खूण नसलेली बाटली थायमॉल प्रकारची आहे असंच धरून चाला, कारण व्यापारात तोच प्रकार सर्वांत जास्त असतो.

थायमस वल्गॅरिसचे केमोटाइप जगात सर्वांत बारकाईने अभ्यासले गेले ते दक्षिण फ्रान्समध्ये, मॉन्पेलिए शहराच्या उत्तरेला असलेल्या सँ-मार्तँ-द-लोंद्र या खोऱ्यात. तिथल्या रानथाईममध्ये सहा प्रकार सापडतात. मुख्य घटकाच्या नावाने ते ओळखले जातात: जेरॅनिऑल, अल्फा-टर्पिनिऑल, थुयानॉल, लिनालूल, कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल. यातले शेवटचे दोन फिनॉल वर्गातले, पहिले चार तसे नाहीत. तुमच्या हाताला जे झालं त्याचा उलगडा याच विभागणीत आहे.

हे सहा प्रकार मातीने किंवा उन्हाने घडत नाहीत. ते जनुकांनी ठरतात, आणि त्यांची रचना मोठी सुबक आहे. ग्रंथीतलं सगळं रसायन एकाच कच्च्या मालापासून, जेरॅनिल डायफॉस्फेटपासून सुरू होतं. हा माल कुठल्या वाटेने जाणार हे जनुकांची एक उतरंड ठरवते. एका मागोमाग एक सांधे असलेल्या रेल्वेमार्गाची कल्पना करा. पहिल्या सांध्यावर प्रभावी जनुक असेल तर गाडी तिथेच वळते आणि झाड जेरॅनिऑलचं होतं, पुढचे सांधे कसेही असोत. तो प्रभावी नसेल तर गाडी पुढे जाते, मग अल्फा-टर्पिनिऑल, मग थुयानॉल, मग लिनालूल, मग कार्व्हाक्रॉल. कुठेच वळली नाही तर ती शेवटच्या स्थानकावर पोचते, आणि ते स्थानक म्हणजे थायमॉल. म्हणजे थायमॉलचं झाड हे सगळ्याच सांध्यांवर अप्रभावी जनुकांचं. लिनालूलचं झाड मात्र आपल्या पोटात थायमॉल किंवा कार्व्हाक्रॉल बनवण्याची क्षमता लपवून ठेवू शकतं. जनुकांच्या जोडीतलं एक प्रभावी असलं तरी झाड लिनालूलच दाखवतं.

याचा बाटलीशी संबंध सांगते. लिनालूलची दोन झाडं, दोघांकडे एक प्रभावी आणि एक अप्रभावी जनुक. त्यांच्या बियांतून आलेल्या रोपांपैकी सरासरी चारातलं एक रोप फिनॉलचं निघणार. दिसायला ते भावंडांसारखंच. एखाद्या शेतकऱ्याने उत्तम लिनालूल झाडांचं बी गोळा करून शेत लावलं, सगळं एकत्र कापून ऊर्ध्वपातन केलं, तर तेलाचं काय होईल ते तुमच्याच अहवालांतल्या आकड्यांवर मांडून पाहू. तीन चतुर्थांश झाडं तुमच्या पहिल्या बाटलीसारखी आणि एक चतुर्थांश दुसरीसारखी धरा, सगळ्यांत तेलाचं प्रमाण सारखं धरा. लिनालूल येईल 55 टक्के. फिनॉल, म्हणजे थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल मिळून, येतील 14 टक्क्यांच्या आसपास. लिनालूल अजूनही सर्वांत मोठा घटक आहे, त्यामुळे विक्रेता प्रामाणिकपणे ‘सीटी लिनालूल’ लिहील. पण फिनॉल तुमच्या पहिल्या बाटलीच्या सहापट झाले.

म्हणूनच केमोटाइपची गंभीरपणे शेती करणारे बी पेरत नाहीत. तपासलेल्या एका मातृझाडाच्या फांद्यांची छाटकलमं करून सगळं शेत त्याच झाडाच्या प्रतींनी भरतात. विक्रेत्याला ‘लागवड कलमांची की बियांची, की रानातली तोडणी?’ एवढा एक प्रश्न विचारा. त्याला उत्तर माहीत असेल तर तो माल कुठून येतो हेही त्याला माहीत असतं, असा माझा अनुभव आहे. रानातली तोडणी असेल तर तोडणारा झुडपं हुंगून निवडतो का, हेही विचारण्यासारखं आहे. सरावलेल्या नाकाला फिनॉलचं आणि लिनालूलचं झुडूप पान चुरडताच वेगळं कळतं.

हवामान आणि माती यांचं काम मग काय? ते दोन पातळ्यांवर चालतं आणि या दोन पातळ्यांची गल्लत फार होते. एका झाडाच्या आयुष्यात हवामान आणि वाढीची अवस्था फक्त प्रमाण बदलतात. थायमॉलच्या झाडात कोवळ्या वाढीच्या काळात गॅमा-टर्पिनीन आणि पॅरा-सायमीन जास्त असतात आणि फुलोऱ्याकडे थायमॉल वाढतो, कारण गॅमा-टर्पिनीन हीच थायमॉलकडे जाणाऱ्या वाटेवरची पायरी आहे. म्हणून एकाच शेतातल्या दोन तोडण्यांत थायमॉल 38 आणि 50 असा फरक पडू शकतो. पण उन्हाळा कडक होता म्हणून लिनालूलचं झाड थायमॉलचं झालं, असं होत नाही. असं स्पष्टीकरण कुणी दिलं तर ते मान्य करू नका. शेत मिश्र आहे किंवा माल मिश्र आहे.

दुसरी पातळी पिढ्यांची. सँ-मार्तँ-द-लोंद्रच्या खोलगट भागात हिवाळ्यात थंड हवा तळाशी साचते आणि तापमान उणे 15 अंशांच्याही खाली गेल्याच्या नोंदी आहेत. फिनॉलची झाडं अशी कडक गोठण सोसू शकत नाहीत. म्हणून खोऱ्याच्या आत लिनालूल, थुयानॉल यांसारखे प्रकार आणि बाहेरच्या उबदार, कोरड्या, खडकाळ उतारांवर थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल, अशी वाटणी काही किलोमीटरांच्या अंतरात दिसते. 1970 च्या दशकात तिथल्या संशोधकांनी या वाटणीचे नकाशे केले होते. 2009-10 मध्ये त्याच जागा पुन्हा तपासल्या तेव्हा पूर्वी जिथे फिनॉलची झाडं नव्हती अशा काही जागी ती शिरलेली आढळली. दरम्यानच्या दशकांत पूर्वीसारखी कडक गोठण कमी झाली होती. तेलाच्या खरेदीदाराने यातून एवढं घ्यावं की ‘आमचं लिनालूल थाईम त्याच डोंगरावरून येतं जिथून नेहमी येतं’ हा पुरावा होत नाही. डोंगर तोच असला तरी त्यावरची झाडं बदलतात. पुरावा म्हणजे त्या बॅचचा अहवाल.

आता तुमच्या हाताकडे येऊ. थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल यांच्या रेणूत एक वलय आणि त्याला चिकटलेला हायड्रॉक्सिल गट असतो, बाकी रेणू तेलकट. या जोडीमुळे ते पेशीच्या पातळ आवरणात शिरतात आणि ते आवरण विस्कळीत करतात. जंतू मारण्याची त्यांची ताकद याच गुणात आहे, आणि तुमची त्वचा, डोळे, नाकातलं अस्तर हेही पेशींचंच बनलेलं असल्याने झोंबतंही त्याच गुणामुळे. लिनालूलही जंतूंवर काम करतो, पण त्याची ही कृती बरीच सौम्य असते. म्हणजे एका तेलातून ‘फक्त औषधी भाग ठेवून जळजळ काढून टाकणं’ शक्य नाही. हवं तर केमोटाइप बदला, किंवा मात्रा बदला.

तुमची मात्रा मांडू. 30 ग्रॅममध्ये 1 ग्रॅम तेल म्हणजे 3.3 टक्के. पहिल्या तेलात फिनॉल मिळून 2.3 टक्के, म्हणजे त्या 1 ग्रॅममध्ये 0.023 ग्रॅम. तयार मिश्रणात ते होतात 0.08 टक्के. दुसऱ्या तेलात फिनॉल 49 टक्के, म्हणजे 0.49 ग्रॅम, आणि मिश्रणात 1.6 टक्के. कृती तीच, वजन तेच, लॅटिन नाव तेच, आणि त्वचेवर पोचलेले फिनॉल एकवीसपट. तुलनेसाठी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: थायमॉल असलेल्या परिचित माउथवॉशमध्ये त्याचं प्रमाण 0.064 टक्के असतं. तुमच्या हातावर त्याच्या पंचवीसपट फिनॉल होते, आणि माउथवॉश तरी अर्ध्या मिनिटात थुंकून टाकायचा असतो.

अरोमाथेरपीच्या सुरक्षाविषयक मार्गदर्शनात थायमॉल-कार्व्हाक्रॉल प्रकारच्या थाईम तेलासाठी त्वचेवरची कमाल मर्यादा 1.3 टक्के सांगितली जाते. ही मर्यादा तेलाची आहे, फिनॉलची नव्हे. तुमच्या 30 ग्रॅम मिश्रणात ती होते 0.39 ग्रॅम, म्हणजे तुम्ही घेतलंत त्याच्या निम्म्याहूनही कमी. मी स्वतः निरोगी, अखंड त्वचेसाठी आणि लहान जागेसाठीही 0.5 टक्क्याच्या वर जात नाही, म्हणजे 30 ग्रॅममध्ये 0.15 ग्रॅम. हे थेंबांनी मोजायला जाऊ नका. ड्रॉपरच्या तोंडानुसार आणि तेलाच्या घट्टपणानुसार 1 मिलिलिटरमध्ये 20 थेंबही पडतात आणि 35 ही. इतक्या छोट्या मात्रेत हा फरक मोठा ठरतो. 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या.

वर शेताच्या उदाहरणात जे मिश्र तेल निघालं, 14 टक्के फिनॉलचं, ते तुमच्याच प्रमाणात वापरलं तर मिश्रणात 0.47 टक्के फिनॉल येतात. बऱ्याच जणांना त्याने काही होणार नाही. पण नुकतीच अंघोळ झालेली, दाढी केलेली किंवा कोरडी पडून भेगाळलेली त्वचा असेल तर चरचरेल, आणि वापरणारा म्हणेल, ‘लिनालूल प्रकार तर सौम्य असतो, मग मला अ‍ॅलर्जी असणार.’ म्हणून सवय अशी लावा: अहवाल हातात आला की थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल यांची बेरीज करा, तिला मिश्रणातल्या तेलाच्या टक्केवारीने गुणा, शंभराने भागा. तुम्हाला आलेला आकडा हेच त्या मिश्रणाचं खरं बळ. बाटलीवरचं नाव त्यानंतर पाहिलं तरी चालेल.

तुम्हाला झालं ते चिरचिरणं की अ‍ॅलर्जी, हा फरक इथे स्पष्ट करायला हवा, कारण दोन्हींचे पुढचे परिणाम वेगळे. मिनिटांत सुरू होणं, जिथे तेल लागलं तेवढ्याच जागी राहणं आणि तेल पुसल्यावर काही तासांत उतरणं ही मात्रेमुळे झालेल्या चिरचिरण्याची लक्षणं, आणि तुमचं वर्णन त्याच्याशी जुळतं. अ‍ॅलर्जी बहुधा एक-दोन दिवसांनी उमटते, खाजते, लागलेल्या जागेच्या बाहेरही पसरते, आणि पुढे अगदी थोड्या मात्रेनेही परत येते. तसं दिसलं तर ते तेल बंद करा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. चिरचिरत असताना आधी साध्या वाहक तेलाने पुसा, मग साबणाने धुवा. नुसत्या पाण्याने थायमॉल निघत नाही, पसरतो. डोळ्यात गेलं तर मात्र भरपूर साध्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटं धूत राहा आणि डॉक्टरकडे जा. अंघोळीच्या पाण्यात हे तेल थेट कधीच टाकू नका. ते पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं आणि शरीराला न पातळ केलेलंच चिकटतं, तेही नाजूक जागी.

अहवाल नीट वाचण्याबद्दल थोडं. तेलातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीच्या, म्हणजे जीसी-एमएसच्या, अहवालावर बॅच क्रमांक असतो, तो तुमच्या बाटलीवरच्या क्रमांकाशी जुळतो का पाहा. ‘नमुना अहवाल’ म्हणून सगळ्या बाटल्यांना एकच कागद जोडला असेल तर तो निरुपयोगी. मग सर्वांत मोठा घटक नव्हे, तर मोठ्या घटकांचा संच पाहा. खऱ्या थायमॉल प्रकारात थायमॉलसोबत पॅरा-सायमीन आणि गॅमा-टर्पिनीन असतातच, कारण ते झाडाच्या त्याच रासायनिक वाटेवरचे सोबती आहेत. थायमॉल भरपूर आणि हे दोन जवळपास गायब, असं दिसलं तर थायमॉल बाहेरून घातलेला असू शकतो. तो स्वस्तात तयार मिळतो, आणि ओव्याच्या म्हणजे ट्रॅकिस्पर्मम अम्मीच्या तेलातही भरपूर असतो. ओवा चुरडल्यावर जो तिखट वास नाकात जातो तो थायमॉलचाच, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या बाटलीचा वास तुम्हाला ओळखीचा वाटला असेल. गंमत अशी की ओव्याच्या तेलातही पॅरा-सायमीन आणि गॅमा-टर्पिनीन भरपूर असतात, म्हणून ती भेसळ फक्त या तीन आकड्यांवरून पकडता येत नाही. तिथे थाईममध्ये हटकून सापडणारे लिनालूल, बोर्निऑल, कॅरिओफिलीन यांसारखे छोटे घटक जागेवर आहेत का ते पाहावं लागतं.

लिनालूल प्रकारात भीती वेगळी असते. तो महाग असतो आणि कारखान्यातला लिनालूल स्वस्त. साध्या अहवालात दोन्ही लिनालूल एकसारखे दिसतात. पण लिनालूलचा रेणू डावा आणि उजवा अशा दोन आरशातल्या रूपांत असतो. झाड प्रामुख्याने एकच रूप बनवतं, कारखान्यात दोन्ही निम्मी निम्मी बनतात. ही दोन रूपं वेगळी करणाऱ्या कायरल स्तंभावर केलेल्या चाचणीत हे उघड होतं. मोठी खरेदी असेल तर ही चाचणी मागायला संकोच करू नका. शिवाय संश्लेषणातून उरलेला डायहायड्रोलिनालूल थोडासाही दिसला तर तो बाहेरच्या लिनालूलचा माग समजतात.

जीसी-एमएसची सोय नसेल तर दोन साधे मार्ग तरी फिनॉलचं तेल आणि लिनालूलचं तेल वेगळं ओळखायला पुरतात. एक म्हणजे अपवर्तनांक, तेलात शिरताना प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा. थायमॉल प्रकाराचा 1.490 ते 1.505 असतो, तर शुद्ध लिनालूलचा 1.46 च्या आसपास, त्यामुळे लिनालूल प्रकारचं तेल स्पष्टपणे खाली येतं. चांगला रिफ्रॅक्टोमीटर आणि 20 अंश तापमान एवढंच लागतं. दुसरी जुनी पद्धत कॅसिया फ्लास्कची, म्हणजे मोजमापाच्या खुणा असलेल्या लांब मानेच्या चंबूची. मोजलेलं तेल सौम्य कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात हलवायचं. फिनॉल अल्कलीत विरघळतात आणि जे वर तरंगत राहतं ते फिनॉलविरहित. जेवढं तेल कमी झालं तेवढे साधारण फिनॉल. यातून थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल वेगळे कळत नाहीत, पण त्वचेसाठी तुम्हाला त्यांची बेरीजच हवी आहे. मात्र कॉस्टिक सोडा हाताळायची सवय नसेल तर हे प्रयोगशाळेकडूनच करून घ्या.

रंगावरून मात्र काही ठरवू नका. ‘लाल थाईम’ आणि ‘पांढरं थाईम’ हे केमोटाइप नव्हेत. फिनॉलचं कच्चं तेल लोखंडी भांड्याच्या संपर्कात लालसर होतं. तेच पुन्हा ऊर्ध्वपातित केलं की फिकट होतं. पांढऱ्यात फिनॉल तितकेच असू शकतात, आणि या नावाखाली वेगवेगळे घटक मिसळून तयार केलेली तेलंही विकली जातात. ‘पांढरं म्हणजे सौम्य’ असं समजून ते मुलांसाठी वापरल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत, आणि या एका गैरसमजाची मला खरोखर काळजी वाटते.

दुसऱ्या तेलाचं आता काय करायचं? टाकून देऊ नका. पृष्ठभाग पुसण्याच्या द्रवासाठी किंवा, वर सांगितलेल्या मात्रेत, पायाच्या जाड त्वचेसाठी ते चांगलं आहे. चेहरा, बगल, मुलं, गरोदरपण, भेगाळलेली त्वचा, वाफारा यांतून ते बाहेर ठेवा. वाफाऱ्यात फिनॉल डोळ्यांना आणि घशाला हमखास बोचतात. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर मोठ्या भागावर किंवा रोज वापरू नका. आणि दोन्हींपैकी कोणतंही तेल पोटात घेऊ नका.

पहिल्या बाटलीबद्दल शेवटची गोष्ट. लिनालूल प्रकार सौम्य आहे तो ताजा असेपर्यंत. हवेतल्या ऑक्सिजनने लिनालूलपासून हायड्रोपरॉक्साइड बनतात, आणि त्वचेला संवेदनशील करणारे मुख्य दोषी तेच, ताजा लिनालूल नव्हे. म्हणजे दुसरी बाटली मात्रेने त्रास देते आणि पहिली वयाने. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा, गडद काचेत, घट्ट झाकण लावून, फ्रिजमध्ये ठेवा. अर्धी झाली की छोट्या बाटलीत ओता, म्हणजे वर हवा कमी राहील. त्वचेसाठी मी उघडल्यापासून वर्षभराच्या आतच संपवायला सांगते. त्यानंतर वास बदलला नसला तरी ती पुसण्याच्या कामाला काढा, कारण हायड्रोपरॉक्साइड नाकाला कळतातच असं नाही.